थांबू की पाऊल उचलू? तीन पत्त्यांची मांडणी

कोकण-गोव्याकडच्या देवळांत कौल लावतात. मूर्तीला डावी-उजवीकडे पाकळ्या लावायच्या आणि उजवीकडची आधी पडली की होकार समजायचा. टॅरोकडे येणारे बरेच जण असाच सरळ कौल मागतात. घाईच्या निर्णयासाठी टॅरोत तीन पत्त्यांची एक मांडणी आहे, पण तिच्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा पत्ताच नसतो. पहिला पत्ता सांगतो, पाऊल उचललं तर काय होईल. दुसरा, थांबलं तर काय होईल. आणि तिसरा असतो सल्ल्याचा.

टॅरोच्या जुडीत ७८ पत्ते असतात. ही जुडी पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाली. भविष्य पाहण्यासाठी तिचा वापर रुळला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. आज सर्रास दिसणारी चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची आहेत. तिची जुडी १९०९ मध्ये लंडनला छापली गेली.

माझ्या ओळखीची एक मुलगी पुण्यात हिशेबाचं काम करते. एका गुरुवारी दुपारी तिला दुसऱ्या कंपनीचा फोन आला : पगार जास्त देऊ, पण उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत हवं. तिच्या सध्याच्या ऑफिसात पगारवाढ पंधरा दिवसांनी जाहीर व्हायची होती. संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

पत्ते पिसण्याआधी आम्ही कागदावर दोन ओळी लिहिल्या. ‘उद्या होकार कळवला तर’ आणि ‘पगारवाढ कळेपर्यंत पंधरा दिवस थांबले तर’. या मांडणीतलं हे सर्वांत महत्त्वाचं काम. थांबण्याला तारीख नसेल तर ते थांबणं नसतं, नुसती टाळाटाळ असते. शिवाय ती दुसरी ओळ लिहिताना तिच्या लक्षात आलं, की थांबणं म्हणजे ही नोकरी बहुधा सोडणंच. कुठला पत्ता कुठल्या जागेचा हेही आधीच ठरवायचं. नाहीतर आवडलेला पत्ता आपसूक हव्या त्या जागी सरकतो.

होकाराच्या जागी आला ‘नाइट ऑफ स्वोर्ड्स’. तलवार उगारून भरधाव घोडा फेकणारा स्वार, मागे वाऱ्याने वाकलेली झाडं. वेग भरपूर, पण बाजूला काय आहे ते पाहायची उसंत नाही. थांबण्याच्या जागी ‘सेव्हन ऑफ पेंटॅकल्स’ : कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा शेतकरी. सहा नाणी वेलीवर, एक पायाशी. कष्ट झालेत, पीक अजून हातात नाही. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून मी तिला एकच विचारलं, यातलं कुठलं चित्र पाहून पोटात गोळा आला? ती म्हणाली, “घोडा. कारण त्यांनी मला कागदावर काहीच दिलेलं नाहीये.”

सल्ल्याचा पत्ता निघाला ‘जस्टिस’. एका हातात उभी तलवार, दुसऱ्या हातात तराजू. इथे अनेकांची गल्लत होते. ते तिसरा पत्ता चांगला की वाईट हे पाहतात आणि त्याला निकाल समजतात. सल्ल्याच्या पत्त्यातून काढायची असते एक कृती, मुदतीच्या आत करता येईल अशी. तराजू म्हणजे अटी तोलणं. तिने शुक्रवारी सकाळी फोन करून लेखी अटी मागितल्या. दुपारी मेल आला, त्यात दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड होता. फोनवर त्याचा उल्लेखही झाला नव्हता. संध्याकाळी तिने नकार कळवला.

पत्त्यांना बाँड दिसला होता, असं मी म्हणणार नाही. पिसलेल्या जुडीतून कुठलाही पत्ता येऊ शकला असता. घोड्याच्या जागी दुसरं चित्र आलं असतं, तर कदाचित दुसरी भीती बोलली गेली असती. पत्ते पुढचं जाणतात याला पुरावा नाही. म्हणून जिथे उशीर जिवावर बेतू शकतो, तिथे ही मांडणी काढूच नये. छातीत कळ आली असेल तर दवाखाना गाठायचा.

मांडणी फसतेय हे ओळखायची एक खूण आहे : हात पुन्हा जुडीकडे जातो. दुसऱ्यांदा पत्ते काढावेसे वाटले, तर उत्तर तुमच्या मनात आधीच ठरलेलं आहे आणि आलेले पत्ते त्याच्या आड येताहेत. तेव्हा जुडी मिटवायची आणि ते उत्तर मोठ्याने म्हणून पाहायचं. दोन्ही पत्ते सारखेच जड आले, तर प्रश्न तपासायचा. कागदावर न लिहिलेली तिसरी वाट बहुतेक वेळा तिथेच सापडते.

लेखी अटी मागायचा तो फोन ती पत्त्यांवाचूनही करू शकली असती. गुरुवारच्या दुपारपासून तो तिला सुचला मात्र नव्हता.