उलट्या वाटेने विचारलेला प्रश्न

१९८२ साली डेव्हिड एडी या अमेरिकी डॉक्टरने एक निबंध लिहिला. त्यात एक उदाहरण होतं. एका बाईच्या स्तनात गाठ लागते. तपासून डॉक्टरांना वाटतं की ती कर्करोगाची असण्याची शक्यता शंभरात एक. तरी ते मॅमोग्राफी सांगतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. मॅमोग्राफी कर्करोगाच्या सुमारे ८० टक्के गाठी ओळखते, पण साध्या गाठींपैकी ९.६ टक्के गाठींनाही पॉझिटिव्ह म्हणते. आता शक्यता किती? एडींनी विचारलेल्या बहुतेक डॉक्टरांचं उत्तर होतं, सुमारे ७५ टक्के.

हे उत्तर तपासायला टक्क्यांऐवजी माणसं मोजू आणि झाड काढू. बुंध्याशी अशाच गाठीच्या १०,००० बायका. पहिल्या फांद्या दोन: १०० जणींना कर्करोग, ९,९०० जणींना नाही. शंभरांपैकी ८० पॉझिटिव्ह, २० निगेटिव्ह. ९,९०० पैकी ९५० पॉझिटिव्ह, बाकीच्या निगेटिव्ह. रिपोर्ट हाती आला की निगेटिव्हच्या फांद्या गळून पडतात. उरतात ८० आणि ९५०, म्हणजे १,०३० जणी. त्यांत खरा कर्करोग ८० जणींना: जेमतेम ८ टक्के.

चूक कुठे होते ते झाडावर बोट ठेवून दाखवता येतं. ८० टक्के हा आकडा कर्करोगाच्या फांदीवरून पुढे जाताना लागतो. ‘कर्करोग असेल तर पॉझिटिव्ह’ असा त्याचा अर्थ. बाईचा प्रश्न मात्र शेंड्याकडून मागे येणारा आहे: ‘पॉझिटिव्ह आलंय, तर कर्करोग आहे का?’ दोन्ही सशर्त संभाव्यताच, पण भाजक वेगळे. पहिलीत १००, दुसरीत १,०३०. विद्यार्थ्यांनी उदाहरण सोडवताना आधी हा भाजक लिहावा असं मला मनापासून वाटतं; पुढचं गणित मग फारसं चुकत नाही.

रिपोर्ट वाया गेला असं मात्र नाही. १ टक्क्याची शक्यता जवळपास ८ टक्क्यांवर गेली, आणि गाठीचा तुकडा काढून तपासायला एवढं कारण पुरेसं आहे. निगेटिव्ह रिपोर्ट आला असता, तर ८,९७० जणींमध्ये फक्त २० जणींना कर्करोग निघाला असता.

बुंध्याचा आकडा बदलला की सगळंच बदलतं. गाठ कठीण लागली आणि डॉक्टरांचा सुरुवातीचा अंदाजच १० टक्के असला, तर तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट शक्यता ४८ टक्क्यांपर्यंत नेतो.

मग तीच मॅमोग्राफी पुन्हा केली तर? कागदावर १,०३० पैकी ८० हाच नवा बुंधा धरायचा. दुसराही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उत्तर ४१ टक्के येतं. पण त्यासाठी दुसरी तपासणी पहिलीपासून स्वतंत्र हवी. ज्या साध्या गाठीच्या आकाराने यंत्राला एकदा फसवलं, ती दुसऱ्यांदाही फसवण्याची शक्यता ९.६ टक्क्यांहून बरीच जास्त असते. त्या फांदीवर जुनाच आकडा लिहिला, तर ४१ टक्के हे उत्तर फुगलेलं असतं.