आठवण आधी, पॅकेज नंतर

डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून एसएमएस येतो: ‘उद्या आपली वेळ आहे.’ पेशंट हा मेसेज नक्की वाचतो, म्हणून त्यातच आरोग्य तपासणी पॅकेजची एक ओळ घालावी, असं बहुतेक दवाखान्यांना वाटतं. मेसेज साधारण असा तयार होतो:

‘नमस्कार! उद्या सकाळी 10:30 ला आपली वेळ आहे. संपूर्ण आरोग्य तपासणी पॅकेजवर खास सूट, आजच बुक करा!’

दिसायला साधा असला, तरी या मेसेजमुळे मूळ आठवणच पेशंटपर्यंत न पोहोचण्याचा धोका असतो. भारतात दवाखान्याला असे मेसेज पाठवण्यासाठी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर आपलं नाव आणि मेसेजचा साचा आधी नोंदवावा लागतो. ठरलेल्या भेटीची आठवण ‘सेवा’ या प्रकारात मोडते. त्यात जाहिरातीचा मजकूर मिसळला, की ‘ट्राय’च्या नियमांप्रमाणे सगळा मेसेज जाहिरात ठरतो. ज्यांनी 1909 वर कळवून जाहिरातींचे मेसेज बंद करून घेतले आहेत, त्यांच्याकडे मग तो जात नाही. पेशंट वेळ विसरतो आणि डॉक्टरांची साडेदहाची वेळ रिकामी जाते. मेसेज कोणत्या प्रकारात गेला, हे पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी कळतं: सेवेला -S, जाहिरातीला -P.

दुसरी अडचण लांबीची. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, मराठीत फक्त 70. त्याहून मोठ्या मेसेजचे तुकडे पडतात, प्रत्येकी 67 अक्षरांचे, आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ची सात अक्षरं होतात. वरचा मेसेज 95 अक्षरांचा, म्हणजे दोन तुकड्यांचा आहे. त्यातली निम्म्याहून जास्त जागा पॅकेजने घेतली. भेटीची तारीख, दवाखान्याचं नाव आणि वेळ बदलायची असेल तर लागणारा फोन मात्र राहूनच गेला.

म्हणून आठवण स्वतंत्र लिहावी:

‘नमस्कार. मंगळवार, 13 जानेवारी, सकाळी 10:30 ला आपली वेळ आहे. जमणार नसेल तर (फोन नंबर) वर फोन करा. (दवाखान्याचं नाव)’

दहा आकडी फोन धरून, दवाखान्याच्या नावाआधी याची 96 अक्षरं होतात. दोन तुकड्यांत 134 मावतात, तेव्हा नावाला पुरेशी जागा उरते. नुसतं ‘उद्या’ न लिहिता वार आणि तारीख दिली, तर मेसेज उशिरा उघडणाऱ्याचाही घोटाळा होत नाही. आजाराचं, तपासणीचं किंवा विभागाचं नाव यात घालू नये. अनेक घरांत सासूबाईंच्या भेटीसाठी मुलाचा किंवा सुनेचा नंबर दिलेला असतो, आणि आलेला मेसेज कोणाच्याही नजरेस पडू शकतो.

पॅकेजसाठी दुसरा मेसेज, तोही भेट झाल्यावर. पेशंट नाव नोंदवायला येतो, तेव्हा ‘आरोग्य तपासणीची माहिती मोबाइलवर पाठवू का?’ असं विचारून त्याची संमती घ्यावी. हा साचा जाहिरात म्हणूनच नोंदवावा. त्याची भाषा कशी असावी, याचं उत्तर वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या आचारसंहितेत मिळतं. पेशंटला गळ घालणं तिने अनैतिक ठरवलं आहे. डॉक्टर चालवत असलेल्या संस्थेच्या वृत्तपत्रातल्या जाहिरातीतही नाव, कोणत्या पेशंटांसाठी, कोणत्या सोयी आणि शुल्क किती, एवढंच सांगायची मुभा ती देते. सौम्य मजकूर लिहिताना हीच चौकट पाळावी:

‘साखर, कोलेस्टेरॉल, किडनी व ईसीजी तपासणी आता एकाच सकाळी. शुल्क 1,800 रु. हवी असल्यास पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.’

दवाखान्याचं नाव सोडून ही 116 अक्षरं झाली. ‘संपूर्ण’ हा शब्द काढला आहे, कारण कोणतंच पॅकेज सगळे आजार तपासत नाही आणि रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस निर्धास्त होऊन छातीत दुखण्याकडेही दुर्लक्ष करतो. ‘खास सूट’ आणि ‘आजच’ही गेले, त्यांची घाई पेशंटच्या गरजेतून आलेली नसते. तपासण्यांची नावं दिल्यामुळे, ज्याने गेल्याच महिन्यात साखर तपासली तो ‘मला नको’ हे स्वतः ठरवू शकतो. शेवटी डॉक्टरांचं नाव घेण्यामागेही कारण आहे: कोणती तपासणी कोणाला लागते, हे वय, घरातले आजार आणि आधीचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दोन्ही मेसेज सुरू झाल्यावर महिनाअखेरीस दोन गोष्टी पाहाव्यात. किती आठवणी खरोखर पोहोचल्या, हे एसएमएस कंपनीच्या डिलिव्हरी रिपोर्टमध्ये दिसतं. ‘जमणार नाही’ असं सांगणारे किती फोन आले, हे रिसेप्शनच्या वहीत सापडतं. असे फोन वाढले तर ती चांगली खूण आहे: मोकळी झालेली वेळ दुसऱ्या पेशंटला देता येते.