हायब्रिड इन्व्हर्टर असूनही संगणक बंद का पडतो?

वीज गेली, पंखा फिरत राहिला, दिवा क्षणभर मिणमिणला. परंतु संगणक मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. सौर पॅनेलसह हायब्रिड इन्व्हर्टर बसविलेल्या अनेक घरांत आणि शाळांत हा अनुभव येतो. असे रोज घडत नाही, म्हणून त्याचे कारणही सहज सापडत नाही.

वीज गेल्याचे ओळखून बॅटरीवर भार घेण्यास इन्व्हर्टरला काही अवधी लागतो. अनेक हायब्रिड इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये `APL` आणि `UPS` असे दोन पर्याय दिसतात. पहिल्यात हा अवधी सुमारे २० मिलिसेकंद असतो, दुसऱ्यात सुमारे १०. तेवढा वेळ संगणक तग धरतो तो त्याच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर.

खरी मेख या साठ्यात आहे. साध्या, स्वस्त पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटर किती भरेल हे येणाऱ्या व्होल्टेजवर ठरते. एक ढोबळ हिशेब पाहू. २३० व्होल्ट असताना उपयोगी साठा समजा ६ ज्यूल आहे. १५० वॅट घेणारा संगणक त्यावर ४० मिलिसेकंद चालेल. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरले की तोच साठा दीड ज्यूलच्याही खाली येतो, आणि अवधी उरतो जेमतेम ९ मिलिसेकंद. अशा वेळी वीज गेली तर `UPS` पर्यायही अपुरा पडू शकतो. शिवाय त्या पर्यायातही साधारण १७० व्होल्टपर्यंतची वीज इन्व्हर्टर तशीच पुढे सोडतो. म्हणजे १८० ला तो स्वस्थच बसलेला असतो.

म्हणून दुपारी, व्होल्टेज चांगले असताना, एकच संगणक लावून घेतलेली चाचणी फसवी ठरते. व्होल्टेज उतरलेल्या वेळी, सर्व संगणक चालू ठेवून, आधी काम जतन करून इन्व्हर्टरकडे येणाऱ्या विजेचा एमसीबी खाली करावा. ही चाचणी चार-पाच वेळा करावी. एखादाच संगणक बंद पडत असेल तर दोष बहुधा त्याच्या जुन्या पॉवर सप्लायचा असतो. बरेच पडत असतील तर अवधीचा.

सेटिंग `UPS` वर ठेवूनही प्रश्न सुटला नाही, तर महत्त्वाच्या संगणकांना इन्व्हर्टरच्या पुढे स्वतंत्र लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस द्यावा. उतरलेले व्होल्टेज तो स्वतः उचलून देतो, त्यामुळे कपॅसिटर भरलेला राहतो. माझ्या मते मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा हा खर्च अधिक शहाणपणाचा.

राउटरचे दुखणे निराळे. त्याची वीज क्षणभर तुटली तरी पुन्हा जोडणी होण्यास काही मिनिटे जातात. त्यासाठी लहान डीसी यूपीएस मिळतो. बॅटरी आतच सतत जोडलेली असल्याने बहुतेकांत बदलाचा अवधी जवळजवळ नसतोच. अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर पाहूनच तो घ्यावा. १२ व्होल्टचा यूपीएस ९ व्होल्टच्या राउटरला लावू नये. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही असाच आधार हवा, अन्यथा राउटर चालू राहूनही इंटरनेट तुटेल.