न फवारलेल्या प्लॉटची साक्ष

राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली, कृषी विद्यापीठ कोणतेही असो, कीटकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्याची शेवटची परीक्षा तोंडी असते. प्रबंध बांधून झालेला असतो. गाइड समोर असतात, समितीतले प्राध्यापक असतात आणि बाहेरून आलेले एक परीक्षक असतात, ज्यांना मुले नुसते ‘एक्स्टर्नल’ म्हणतात. मुले आदल्या रात्री कीटकांच्या गणांची वैशिष्ट्ये आणि कीटकनाशकांचे गट पाठ करतात. ते विचारले जातेच. पण मुलाखत खरी रंगते ती प्रबंधातल्या एखाद्या तक्त्यावर, आणि त्या तक्त्यातही अगदी खालच्या ओळीवर. ती ओळ असते न फवारलेल्या प्लॉटची, म्हणजे ‘अनट्रीटेड कंट्रोल’ची. तयारी तिथूनच सुरू करावी, असे माझे मत आहे.

गेल्या काही वर्षांत वारंवार दिसणारा एक विषय घेऊ: मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीविरुद्ध कीटकनाशकांची परिणामकारकता. ही अळी मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये ती आफ्रिकेत आढळली आणि 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ भारतात पहिल्यांदा नोंदली गेली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. समजा प्रयोगात सात कीटकनाशके आणि एक न फवारलेला प्लॉट, अशा आठ ट्रीटमेंट आहेत. प्रत्येकीची तीनदा पुनरावृत्ती, म्हणजे एकूण चोवीस प्लॉट.

पहिला प्रश्न बहुधा मुखपृष्ठावरूनच येतो. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या नावापुढे ‘जे. ई. स्मिथ’ कंसात का? मुले इथे हमखास गप्प होतात, कारण दोन वर्षे ते नाव शेकडो वेळा टाइप केलेले असले तरी कंसाकडे कोणी पाहिलेलेच नसते. उत्तर सोपे आहे. स्मिथने 1797 मध्ये या पतंगाचे वर्णन केले ते फॅलेना या प्रजातीत. पुढे तो स्पोडोप्टेरात हलवला गेला. मूळ प्रजाती बदलली की वर्णन करणाऱ्याचे नाव कंसात जाते. एपिस मेलिफेरा या मधमाशीपुढचे लिनियस कंसाबाहेर आहे, कारण तिची प्रजाती बदललेली नाही.

मग येतो ओळखीचा प्रश्न: ‘ही तीच अळी कशावरून?’ डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, हे उत्तर सगळे देतात आणि तिथेच अडकतात. तसा वाय कमीअधिक ठळकपणे या कुळातल्या इतर अळ्यांच्या डोक्यावरही दिसतो. अधिक खात्रीची खूण शेपटीच्या बाजूला आहे. पोटाच्या आठव्या खंडावर चार काळे ठिपके चौकोनात असतात, तर इतर खंडांवरचे ठिपके समलंब चौकोनासारखे मांडलेले असतात. लहान अळीत हे नीट दिसत नाही. म्हणून चांगले उत्तर असे: ‘सर, पोंग्यातल्या मोठ्या अळ्या खुणांवरून ओळखल्या. लहान अळ्या प्रयोगशाळेत वाढवून पतंग निघाल्यावर खात्री केली.’ त्यावर ‘वाढवल्या कशा?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवली होती, असे सांगितले की लगेच ‘का?’ येतो. कारण ही अळी आपल्याच जातीच्या अळ्या खाते. एका डबीत दहा ठेवल्या, तर दोन दिवसांनी दहा सापडणार नाहीत.

हे उत्तर नीट दिलेत, तर परीक्षक तुम्हाला आपोआप खालच्या ओळीपाशी नेतो. तुमच्या तक्त्यात फवारणीआधी न फवारलेल्या प्लॉटमध्ये दहा झाडांवर सरासरी 15 अळ्या होत्या, सातव्या दिवशी 10 उरल्या. तिथे औषध पडले नाही, मग पाच गेल्या कुठे?

हा प्रश्न अडवण्यासाठी नसतो. तुम्ही शेतात उभे राहिलात की मजुराने मोजून आणलेले आकडे लिहून घेतलेत, हे त्यातून कळते. कारणे अनेक आहेत आणि ती पोंग्यात दिसतात. मादी एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते. त्यातून निघालेल्या बारीक अळ्या धाग्याला लटकून वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात. उरलेल्या एकमेकींना खातात, म्हणून पोंग्यात शेवटी एखादीच मोठी अळी सापडते. पूर्ण वाढलेली अळी झाड सोडून मातीत कोषावस्थेत जाते, ती मोजणीतून गळते पण मेलेली नसते. दमट हवेत मेटारायझियम रायली या बुरशीने मेलेल्या, पांढऱ्या-हिरवट पडलेल्या अळ्या पोंग्यातच चिकटलेल्या दिसतात. काहींच्या अंगात परोपजीवी माशीची किंवा गांधीलमाशीची अळी असते.

यातले कोणते कारण किती, हे सांगायचे तर पुरावा हवा. न फवारलेल्या प्लॉटमधून दर वेळी काही अळ्या आणून वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या आणि त्यातून पतंग निघाला, परोपजीवी निघाला की बुरशी आली याची नोंद केली, तर उत्तराला वजन येते. नोंद केली नसेल, तर ‘परोपजीवी कीटकांमुळे घट झाली’ असे ठाम बोलू नये. पुढचा प्रश्न ‘किती टक्के?’ असाच येणार असतो.

घट का झाली हे मान्य झाले की हिशेब सुरू होतो. समजा इमामेक्टिन बेंझोएटच्या प्लॉटमध्येही आधी 15 अळ्या होत्या आणि सातव्या दिवशी 3 उरल्या. औषधाने किती टक्के अळ्या मारल्या? घाईत 80 टक्के असे उत्तर येते, 15 मधून 12 गेल्या म्हणून. पण औषधाविनाही 15 च्या 10 झाल्याच असत्या. म्हणून तुलना 10 शी करायची: 10 च्या जागी 3 उरल्या, म्हणजे परिणाम 70 टक्के. अॅबटने 1925 मध्ये मांडलेल्या सूत्राचे मर्म एवढेच. पण सगळ्या प्लॉटमध्ये सुरुवातीच्या अळ्या सारख्या नसतील, कुठे 11 तर कुठे 18, तर अॅबट पुरत नाही. तिथे हेंडरसन आणि टिल्टन यांचे 1955 चे सूत्र वापरतात, कारण त्यात दोन्ही प्लॉटची फवारणीआधीची मोजणीही येते. कोणते सूत्र का घेतले, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘सीनियरच्या थिसिसमध्ये तेच होते’ हे खरे कारण असते, पण ते बोलायचे नसते.

पहिल्या दिवसाच्या मोजणीवरही बोट पडते. क्लोरँट्रॅनिलीप्रोल फवारल्यावर दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या बऱ्याच सापडतात. मग औषध मंद आहे का? इथे औषध कसे काम करते ते माहीत हवे. ते स्नायूंमधल्या कॅल्शियमच्या प्रवाहात बिघाड करते. अळी लवकर खाणे थांबवते, पण मरायला एक-दोन दिवस घेते. म्हणूनच अळ्यांच्या मोजणीबरोबर पोंग्यातल्या नव्या पानांचे नुकसान नोंदवणे शहाणपणाचे असते. अळी जिवंत दिसते, पण ताजी विष्ठा नाही आणि नवे पान शाबूत आहे, एवढे निरीक्षण सांगितले तरी प्रश्न मिटतो.

आता संख्याशास्त्र. इथे मुले सर्वांत जास्त घाबरतात, पण प्रश्न ठरावीक असतात. आकड्यांचे वर्गमूळ का घेतले? कारण कीटकांच्या मोजणीत सरासरी वाढली की विचरणही वाढते. न फवारलेल्या प्लॉटमध्ये आकडे फार विखुरतात, चांगल्या औषधाच्या प्लॉटमध्ये ते शून्याजवळ गोळा होतात. विचरणाच्या विश्लेषणाला मात्र सगळीकडे विखुरलेपण सारखे असावे लागते. शून्ये आणि लहान आकडे असतात म्हणून वर्गमूळाआधी 0.5 मिळवायचे. टक्केवारी असेल तर आर्कसाइन रूपांतर.

मग सी.डी., म्हणजे दोन सरासऱ्यांतला किमान किती फरक खरा मानायचा. आपल्या प्रयोगात त्रुटीचे मुक्त अंश (8 − 1) × (3 − 1), म्हणजे 14. या अंशांना 5 टक्के पातळीवर टी ची किंमत 2.145. समजा रूपांतरित आकड्यांवर त्रुटीचे विचरण 0.06 आले. त्याची दुप्पट 0.12, तीन पुनरावृत्तींनी भागून 0.04, त्याचे वर्गमूळ 0.2. 2.145 ने गुणले की सी.डी. 0.43. इमामेक्टिनची रूपांतरित सरासरी 1.87 आणि दुसऱ्या औषधाची 2.12 असेल, तर फरक 0.25. तो सी.डी.पेक्षा कमी आहे, म्हणून दोन्ही ‘अॅट पार’, आणि ‘इमामेक्टिन सर्वोत्कृष्ट’ हे प्रबंधातले वाक्य टिकत नाही. न फवारलेल्या प्लॉटची सरासरी 3.24 आहे. तिच्याशी दोन्हींचा फरक स्पष्ट आहे, एवढेच म्हणता येते. आणि एफ चाचणीच सार्थ नसेल, तर सी.डी. काढायचीच नाही. तक्त्यात ‘एन.एस.’ लिहून शेजारी सी.डी.चा आकडाही छापलेला असला, की जाणता परीक्षक तेच पान आधी उघडतो.

मात्रेचा प्रश्न साधा दिसतो आणि भल्याभल्यांना गारद करतो. ‘0.002 टक्के द्रावण कसे केले?’ औषध 5 टक्क्यांचे. दहा लिटर पाण्यात 0.002 टक्के म्हणजे 0.2 ग्रॅम क्रियाशील घटक, त्यासाठी 5 टक्क्यांचे औषध 4 ग्रॅम. इथवर सगळे येतात. पुढे: ‘तुझ्या प्लॉटला किती द्रावण लागले?’ प्लॉट 4.5 बाय 3.6 मीटर, म्हणजे 16.2 चौरस मीटर. हेक्टरी 500 लिटर धरले, तर एका प्लॉटला 0.81 लिटर आणि तीन प्लॉटना मिळून सुमारे 2.4 लिटर. औषध लागेल जेमतेम एक ग्रॅम. एक ग्रॅम शेताच्या बांधावर चमच्याने मोजता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलून पुड्या नेल्या होत्या, असे सांगितले तर परीक्षक मान डोलावतो. ‘पंपात अंदाजे टाकले’ म्हटले, तर वरचे सगळे तक्ते संशयात येतात.

कधी कधी मध्येच टेबलावर एक नमुना ठेवला जातो. मोहरीवरची काळपट अळी असते, आणि विचारतात, हा कोणता गण? अळी म्हणजे पतंगाचीच असे गृहीत धरू नये. पोटाखालचे पाय मोजावेत. पतंग-फुलपाखरांच्या अळीला छातीच्या तीन जोड्यांशिवाय पोटाच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. मोहरीच्या करवती माशीच्या अळीला त्या आठ असतात, आणि त्यांच्या टोकाला आकड्या नसतात. ती मधमाशी-मुंग्यांच्या गणातली. नमुना हातात मिळाल्याबरोबर नाव सांगण्याची घाई करण्यापेक्षा भिंग मागून पाय मोजायला लागणे परीक्षकाला अधिक आवडते.

शेवटी बहुधा हे येते: ‘मग शेतकऱ्याला काय सांगशील?’ एका हंगामाच्या, एका ठिकाणच्या प्रयोगावरून शिफारस करता येत नाही. दुसऱ्या वर्षाचा प्रयोग आणि दोन्ही वर्षांचे एकत्रित विश्लेषण लागेल, खर्च-उत्पन्नाचे गुणोत्तर लागेल, हे आधी म्हणावे. मग आपल्या तक्त्यातून जेवढे निघते तेवढे सांगावे: इमामेक्टिन आणि क्लोरँट्रॅनिलीप्रोल अॅट पार आहेत आणि दोघांची काम करण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून दुसरी फवारणी लागलीच तर औषध बदलावे, नाहीतर अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होईल. फवारा पोंग्यात पडला पाहिजे आणि अळी लहान असताना पडला पाहिजे. मोठी अळी पोंग्यात खोल बसते आणि विष्ठेचा बोळा वरून झाकण घालतो, मग द्रावण तिच्यापर्यंत पोचतच नाही.