कांद्याची चाळ आणि सवलतीचे व्याज

केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला, जास्तीत जास्त 7 वर्षे, व्याजात 3 टक्के सवलत मिळते. नाशिक भागात कांद्याची आधुनिक साठवणूक उभारणारा उद्योजक या कर्जाकडे पाहतो, तेव्हा त्याला दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : साठवणूक स्वतःच्या बळावर परवडते का, आणि कर्जातून नेमके किती मिळते? स्टुअर्ट मायर्स यांनी 1974 मध्ये मांडलेली समायोजित वर्तमान मूल्याची पद्धत हेच करते.

समजा, सगळा पैसा मालकाचाच आहे. भाड्याची येणारी रक्कम धंद्याच्या जोखमीला साजेशा, समजा 14 टक्के, दराने आजच्या मूल्यात आणली आणि गुंतवणूक वजा केली, तर उत्तर उणे 20 लाख येते. म्हणजे धंदा स्वतःच्या पायावर तोट्याचा आहे.

आता कर्ज. बाजारात 9 टक्क्यांनी मिळणारे 2 कोटी सवलतीमुळे 6 टक्क्यांनी पडतात. दरवर्षी 40 लाख मुद्दल फेडत 5 वर्षांत कर्ज संपते. सवलत पहिल्या वर्षी 6 लाख, मग 4.8, 3.6, 2.4 आणि शेवटी 1.2 लाख. बेरीज 18 लाख भरते, पण 9 टक्क्यांनी आजच्या मूल्यात आणल्यावर ती 14.8 लाखच राहते. दर 9 टक्केच हवा, कारण या कर्जाची खरी बाजारभावाची किंमत तीच. घाईत 6 टक्के वापरले, तर परतफेडीचे आजचे मूल्य कर्जाइतकेच येते आणि सवलत हिशेबातून पूर्ण नाहीशी होते.

व्याजामुळे वाचणारा करही वेगळा मोजायचा. इथे दुसरी चूक सर्रास होते : 9 टक्क्यांचे व्याज धरले जाते. भरले जाते 6 टक्के, त्यामुळे 25 टक्के करदर धरला तर बचत 11.1 नव्हे, 7.4 लाख होते. सवलतीच्या 14.8 लाखांतले 3.7 लाख असे कराच्या बाजूने निसटतात. करपात्र नफाच नसेल, तर हे 7.4 लाखही शून्य होतात.

प्रक्रिया शुल्क वगैरे खर्च 1 लाख धरू. उणे 20, अधिक 14.8, अधिक 7.4, उणे 1 : हाती 1.2 लाख. म्हणजे प्रकल्प तगतो तो कर्जाच्या जोरावर.

एकच आकडा पाहिला असता, तर हे दिसले नसते आणि पुढची जोखीमही कळली नसती. दोन हंगाम चांगले गेले, की उरलेले कर्ज एकदम फेडून मोकळे व्हावेसे वाटते. दुसऱ्या वर्षाअखेर तसे केले, तर पुढची सवलत आणि करबचत मिळून आजच्या मूल्यात सुमारे 7.9 लाख जातात आणि उत्तर उणे 6.7 लाखांवर येते.