काम सुरू होण्याआधीचा ईमेल

तासगावातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याला वेबसाइट करून घ्यायची आहे, असं धरून चालू. आजवरचा सगळा धंदा सौद्यात, शीतगृहात आणि फोनवर झालेला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, दिवाळीत सुक्या मेव्याला उठाव असतो, म्हणून पुतण्याने काकांच्या मागे लागून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला काम दिलं. बैठक झाली, चहा झाला, दरपत्रक मान्य झालं, आगाऊ रक्कम जमा झाली. सगळे समाधानाने उठले.

उठताना मात्र प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काही होतं. परराज्यातले घाऊक खरेदीदार माल बघून फोन करतील, असं काकांना वाटत होतं. पुतण्याला पुण्या-मुंबईच्या घरांत अर्ध्या किलोची पाकिटं विकायची होती. आणि कंपनीतली मुलं मनातल्या मनात पानांचे रंग ठरवत होती. बैठकीत हे कुणाच्याच लक्षात येत नाही. येतं ते दोन महिन्यांनी, बिल अडकल्यावर.

ही तफावत वेळीच उघड करणं हे त्या ईमेलचं काम, जो कंपनीने बैठकीनंतर चोवीस तासांत पाठवायचा असतो. धंद्यात त्याला किकऑफ ईमेल म्हणतात. बऱ्याच जणांच्या अशा ईमेलमध्ये 'आपल्यासोबत काम करण्यास आम्ही उत्सुक आहोत' यापलीकडे फारसं काही नसतं. उत्सुकता फोनवर सांगावी. ईमेल साधारण असा असावा:

विषय: बेदाणा वेबसाइट – काय ठरलं, कुणी काय करायचं (१४ ऑगस्टपर्यंत उत्तर हवं)

नमस्कार साहेब,

कालच्या बैठकीत ठरलेलं आम्हाला जसं समजलं तसं लिहितो. चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

उद्देश: १५ ऑक्टोबरपासून ग्राहकाला अर्धा आणि एक किलोची पाकिटं वेबसाइटवर पैसे भरून मागवता यावीत. घाऊक खरेदीदारांसाठी वेगळं पान असेल. त्यावर दर नसतील, आपला फोन नंबर असेल. मोबाइल ॲप, मालाचे फोटो काढणं आणि जाहिराती या कामात धरलेल्या नाहीत.

माणसं: अंतिम मंजुरी आपली. रोजच्या प्रश्नांसाठी आपले पुतणे. बिलं आणि कागदपत्रांसाठी दिवाणजी. आमच्याकडून मी; मी नसेन तेव्हा माझी सहकारी, तिचा नंबर खाली दिला आहे.

बोलणं: दर मंगळवारी सकाळी ११ वाजता वीस मिनिटं फोन. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी चार ओळींत ईमेलने. व्हॉट्सॲप तातडीच्या गोष्टींसाठी.

पहिलं काम: २० ऑगस्टला पानांची यादी आणि मुख्य पानाचा काळा-पांढरा आराखडा. त्यात रंग आणि फोटो नसतील. कोणती गोष्ट कुठे येईल एवढंच दिसेल. त्यावर दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या.

आपल्याकडून १७ ऑगस्टपर्यंत: मालाच्या प्रतींची नावं, वजनं आणि दर, अन्न परवान्याचा नंबर, पॅन, जीएसटी नोंदणी आणि रद्द केलेला चेक, डोमेन कुणाच्या नावावर आहे ती माहिती. पासवर्ड कृपया ईमेलने पाठवू नये. ही माहिती जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस १५ ऑक्टोबरची तारीख पुढे जाईल.

हे बरोबर असेल तर 'मान्य' एवढं लिहून कळवावं.

एवढाच ईमेल. मोबाइलवर दोन-तीनदा बोट सरकवलं की संपतो, आणि काका तो मोबाइलवरच वाचणार आहेत.

उद्देशाच्या परिच्छेदात 'विक्री वाढवणे' हे शब्द नाहीत. विक्री दरावर, पिकावर, कुरियरवर आणि शेजारच्या व्यापाऱ्यावर अवलंबून असते. वेबसाइट करणाऱ्याने तिची हमी घेतली तर तो आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर सही करतो. ग्राहकाला पैसे भरून माल मागवता येतो की नाही, हे मात्र १५ ऑक्टोबरला कुणीही एक पाकीट मागवून तपासू शकतो. त्याच परिच्छेदातलं शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, कारण नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच पत्रात 'हे आम्ही करणार नाही' असं कसं सांगायचं? पण फोटोंचंच बघा. काका धरून चाललेले असतात की फोटो कंपनी काढणार; कंपनी धरून चाललेली असते की फोटो तासगावहून येणार. शेवटी गोदामातल्या ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेले फोटो येतात आणि त्यांत हिरवा बेदाणा आणि पिवळा बेदाणा ओळखू येत नाही. ऑगस्टमध्ये हे कळलं तर फोटोग्राफर शोधायला वेळ असतो.

माणसांचा परिच्छेद सगळ्यांत साधा दिसतो आणि कामं सर्वांत जास्त तिथेच अडतात. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधीतरी चार वर्षांपूर्वी गावातल्या संगणकाच्या क्लासवाल्याने घेऊन ठेवलेलं असतं, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर. तो आता बंगळुरूला. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, आणि तो फोन उचलत नाही. वेबसाइट तयार असूनही ती आपल्या नावावर उघडता येत नाही. म्हणून डोमेनची चौकशी पहिल्याच ईमेलमध्ये करायची. शेवटच्या आठवड्यात केली तर उपयोग नाही.

दुसरी अडचण ऑनलाइन पैसे घेण्याची. पेमेंट गेटवे ही सोय देणाऱ्या कंपन्या आधी व्यापाऱ्याची ओळख तपासतात. पॅन, जीएसटी आणि बँक खातं या तिन्हींवरचं नाव जुळावं लागतं. एका कागदावर पेढीचं नाव, दुसऱ्यावर तेच नाव 'अँड सन्स'सकट आणि खातं काकांच्या वैयक्तिक नावाने, असं असलं की अर्ज परत येतो. परतावा, माल पोचवण्याचे नियम आणि संपर्क यांची पानं वेबसाइटवर आहेत का, हेही त्या बघतात. खाण्याचा माल म्हटल्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर लागतोच. म्हणजे बैठकीला न आलेल्या दिवाणजींच्या कपाटातल्या फायलीवर दिवाळीची तारीख ठरते. त्यांचं नाव आणि नंबर ईमेलमध्ये हवा, आणि ईमेलची प्रत त्यांनाही जायला हवी.

मंजुरी एकाच माणसाची असावी. काका आणि पुतण्या दोघांनाही मंजुरीचा अधिकार दिला तर पुतण्या सोमवारी हिरवा रंग पास करतो, काका गुरुवारी लाल मागतात, आणि मधल्या तीन दिवसांचं काम वाया जातं. घरातल्या वादात बाहेरच्याने पडू नये. बैठकीत 'शेवटचा शब्द कुणाचा?' एवढं विचारावं आणि मिळालेलं उत्तर लिहावं.

फोनचा वार ठरवताना सौद्याचे दिवस वगळावेत. त्या सकाळी व्यापारी कुणाचं ऐकत नाही. व्हॉट्सॲपवर बंदी घालणाऱ्या कंपन्यांची मला गंमत वाटते. तासगावचा व्यापारी रात्री साडेदहाला तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवणारच, आणि त्यात एखादा महत्त्वाचा निर्णय असणारच. तो निर्णय मंगळवारच्या ईमेलमध्ये उतरवून घ्यावा आणि पैसे, तारीख किंवा मजकूर बदलणारी गोष्ट त्या ईमेलमध्ये आल्यावरच पक्की धरावी. पुढे वाद झाला तर तीन महिन्यांचे व्हॉइस मेसेज ऐकत बसायला कुणाकडे वेळ नसतो.

पहिलं काम मुद्दाम लहान ठेवलं आहे. काळा-पांढरा आराखडा करायला फार दिवस लागत नाहीत, पण त्यावर उत्तर यायला किती दिवस लागतात हे त्यातून कळतं. काकांना एका पानाची मंजुरी द्यायला बारा दिवस लागले, तर दहा पानांचं काय होणार याचा हिशेब ऑगस्टअखेरीस करता येतो. आराखड्यात रंग नसतील हे आधीच लिहिलं नसेल तर 'एवढे पैसे घेऊन हे असं फिकट?' हा फोन ठरलेला. दुरुस्त्यांची फेरी म्हणजे काय हेही मंगळवारच्या पहिल्या फोनवर सांगून टाकावं: घरातल्या सगळ्यांच्या सूचना एकत्र करून एकदाच पाठवणं, ही एक फेरी. रोज एक सूचना आली तर मोजणार कसं?

आता त्या 'मान्य'बद्दल. काही कंपन्या शेवटी लिहितात की तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती समजू. मौनाला संमती मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण भारतीय करार कायदा, १८७२ नुसार स्वीकार समोरच्यापर्यंत पोचवावा लागतो. नुसतं गप्प राहणं सहसा पुरत नाही. लेखी 'मान्य' ईमेलवर आलं तरी चालतं. करार निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो अंमलबजावणीला अपात्र ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १०अ सांगतं. म्हणून आराखड्याच्या तपशिलासाठी मौन चालवून घ्यावं. पैसे आणि तारखांसाठी फोन करून उत्तर मागून घ्यावं. आणि हा ईमेल दरपत्रकाची जागा घेत नाही हेही लक्षात ठेवावं. दरपत्रकात नसलेली एखादी गोष्ट उत्साहाच्या भरात ईमेलमध्ये लिहिली, तर काका तीही मागणार, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

ईमेल वाचला गेला की नाही हे उत्तरावरून समजतं. दोन मिनिटांत 'छान!' आणि हात जोडलेलं चित्र आलं तर बहुधा कुणी वाचलेला नाही. उत्तर यादीत नसलेल्या माणसाकडून आलं, तर मंजुरी देणारा आपण समजलो त्यापेक्षा वेगळा आहे. आणि 'दोनशे पन्नास ग्रॅमचं पाकीट राहिलं, शिवाय चेक दुसऱ्या खात्याचा देतो, चालेल ना?' असं आलं, तर ईमेलचं काम झालं. ही दुरुस्ती लगेच मूळ मजकुरात करून तो पुन्हा सगळ्यांना पाठवावा.

एक विनंती पैसे देणाऱ्यांना. वेबसाइट असो, घराचं फर्निचर असो की दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर, काम देऊन दोन दिवस झाले तरी असा ईमेल आला नाही, तर तो मागून घ्या. टाळाटाळ झाली तर काय ठरलं ते तुम्हीच चार ओळींत लिहून पाठवा, आणि दुसरा हप्ता त्याचं उत्तर आल्यावर द्या.