वीस खुणा, तीन चुका

नववीतल्या एका मुलीने ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’ या विषयावर दीड पान लिहिले. तपासून झाले तेव्हा पानावर लाल शाईच्या वीसेक खुणा होत्या. अशी वही हातात पडली की मूल गुण बघते आणि वही मिटते. म्हणून मी खाली एक चिठ्ठी लिहिली, तिची सुरुवात अशी : ‘खुणा वीस दिसतात, पण तुझ्या चुका तीनच आहेत. त्याच त्या पुन्हा झाल्या आहेत.’

निम्म्याहून जास्त खुणा एकाच चुकीच्या होत्या. बाजारात ‘फूलांचे’ ढीग होते, ‘दूधाचे’ कॅन होते, ‘गूळाच्या’ ढेपा होत्या आणि एक बाई ‘चूलीवर’ भजी तळत होती. मूळ शब्द तिला चोख येतात. फूल, दूध, गूळ, चूल यांतला ऊ दीर्घच. पण शब्दाला प्रत्यय लागायच्या वेळी त्याचे सामान्यरूप होते आणि शेवटून दुसऱ्या अक्षरातला हा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो : फुलांचे, दुधाचे, गुळाच्या, चुलीवर. वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला हेही त्याच वाटेने जाणारे. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेल्या आणि शासनाने 1962 साली मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांत हे आहे, पण नववीच्या मुलीला नियमाच्या क्रमांकाचा काय उपयोग? तिला मी दोन्ही रूपे मोठ्याने म्हणायला सांगितली. ‘फूल’ म्हणताना आवाज ‘फू’वर रेंगाळतो, ‘फुलांचे’ म्हणताना तो पुढे ‘लां’वर जातो. चूक कानाला कळते, हात मात्र मूळ शब्द जसाच्या तसा उतरवतो आणि पुढे प्रत्यय चिकटवतो.

दुसरी चूक अनुस्वाराची, आणि इथे नेमका कानच फसवतो. ‘आजोबानी पिशवी घेतली’, ‘विक्रेते लोकाना हाका मारत होते’ असे तिने लिहिले होते. अनेकवचनी नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडताना आधीच्या अक्षरावर अनुस्वार येतो. आजोबा एकटेच असले तरी आदरार्थी बहुवचन म्हणून ‘आजोबांनी’. पण पुढचा प्रत्यय ‘नी’ किंवा ‘ना’ असला की अनुस्वाराचा उच्चार त्या ‘न’मध्ये विरघळतो आणि तो लिहायचा राहून जातो. यावर सोपी तपासणी आहे. त्याच शब्दाला ‘चा’ लावून म्हणायचे : आजोबांचा, लोकांचा. आता तो स्पष्ट ऐकू येतो. ऐकू आला, की ‘नी’, ‘ना’ लावतानाही द्यायचा. काही वेळा तर अर्थच बदलतो. ‘आई दुकानदाराशी भांडली’ आणि ‘आई दुकानदारांशी भांडली’ यांत बाजारातली अख्खी रांग मावते.

तिसरी चूक शुद्धलेखनाची नाही, म्हणून ती बरेचदा तपासलीही जात नाही. मला मात्र ती जास्त खटकते. वाक्य होते : ‘मी बाजारात जाऊन आजोबांनी मला भजी घेऊन दिली.’ बाजारात गेली नात आणि भजी दिली आजोबांनी. ‘जाऊन’, ‘येऊन’, ‘बसून’ अशा रूपांचा कर्ता आणि वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाचा कर्ता सहसा एकच लागतो. ‘घेऊन दिली’ ठीक आहे, कारण घेणारे आणि देणारे दोन्ही आजोबाच. ‘जाऊन’ मात्र अधांतरी राहिले. कर्ते दोन असतील तर ‘मी बाजारात गेल्यावर आजोबांनी मला भजी घेऊन दिली’ असे लिहावे, नाहीतर सगळे काम एकाच कर्त्याकडे सोपवावे : ‘आजोबांनी मला बाजारात नेऊन भजी घेऊन दिली.’ तिच्याच निबंधातले ‘दमून घरी येऊन आईने पाणी दिले’ हे वाक्य तर जास्त फसवे. व्याकरणाने बघितले तर दमली आईच! ‘पाऊस पडून रस्त्यावर चिखल झाला’ अशी कारण सांगणारी वाक्ये कर्ते वेगळे असूनही चालतात, त्यामुळे नियम डोळे झाकून लावता येत नाही. अशा वेळी ‘कोण गेले, कोणी दिले’ असे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहायला मी सांगितले नाही. ‘फुलांचे’ दहा वेळा लिहून ‘गुळाच्या’ सुधारत नाही. चिठ्ठीच्या शेवटी एवढेच सांगितले, की पुढचा निबंध देण्याआधी तीनदा वाच, आणि एका वाचनात एकच चूक शोध.

पुढचा निबंध व्यायामावर होता. त्यात ‘सुनेला’, ‘वकिलांनी’ बरोबर होते आणि ‘शरिराला’ चुकले होते. या नियमाला संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले शब्द अपवाद आहेत, म्हणून ‘शरीराला’, ‘परीक्षेला’, ‘सूत्राला’ यांतला स्वर दीर्घच राहतो. इथे कान फारशी मदत करत नाही, असे शब्द लक्षातच ठेवावे लागतात. ‘शरिराला’भोवती मी लाल शाई वापरली नाही, पेन्सिलीने गोल केला. आधी ती हा स्वर कुठेच ऱ्हस्व करत नव्हती, आता नको तिथेही करते आहे.